मोजायची किल्ली

दिवाणजींना मी चोर म्हटलं ते दुकानाच्या पायरीवर, अकरा विणकरांच्या देखत. घरात बोलावून हळू आवाजात विचारता आलं असतं. पण माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं, आमच्या सासूबाईंनी ते लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. म्हणून आता हे सांगतानाही मी गोडगोड करून सांगणार नाही. जसं झालं तसं सांगते. लाज वाटायची ती वाटू दे.

आमचं सुताचं दुकान सोलापुरात मंगळवार पेठेत. गिरणीतून सुताची बंडलं आणायची, एकेक दहा रतलांचं, आणि हातमागवाल्यांना उधारीवर द्यायची. लुगडी विकली गेली की ते पैसे आणून देतात. सन तीसच्या मार्शल लॉच्या साली माझे मालक वारले. दुकान अर्धं माझं आणि अर्धं माझ्या धाकट्या दिरांचं, गुरुबसप्पांचं. दीर गिरणीच्या भांडारात नोकरीला होते, म्हणून गादीवर मी, शिवबाई, बसायला लागले. पेठेत लोक हसले. हसू दे म्हटलं.

दुकानात माणसं तीन. मी. दिवाणजी रुद्रप्पा, मालकांच्या वेळेपासूनचे, पन्नाशी उलटलेले, बोलायला इतके हळू की ऐकायला पुढं वाकावं लागे. आणि हमाल ज्ञानबा. कोठी दुकानाच्या मागं, आमच्या परसात दार असलेली. तिची किल्ली दिवाणजींकडं. कुणाला माल द्यायचा ते दिवाणजी ठरवायचे, कोठी तेच उघडायचे, वहीत तेच लिहायचे, आणि वर्षाच्या शेवटी उरलेलं तेच मोजायचे. मी गादीवर बसून पान लावायची आणि आल्यागेल्याला सांगायची, आमचे दिवाणजी म्हणजे सोनं.

मालक गेल्यावरच्या तिसऱ्या दिवाळी पाडव्याला दीर वही बघायला बसले. बघता बघता थांबले आणि म्हणाले, "वैनी, हे बरं नाही."

"काय बरं नाही? एक बंडल कमी नाही की."

"कमी नाही म्हणूनच आता बोलतो. कमी पडल्यावर बोललो तर ते भांडण होतं." मग त्यांनी गिरणीतली रीत सांगितली. भांडारातून साधी सुतळी बाहेर काढायची तरी चिठ्ठीवर सही करतो तो एक साहेब. माल काढून देतो तो दुसरा. वहीत चढवतो तो तिसरा. आणि मधूनच कधीतरी चौथाच माणूस येतो, वही आणि फळ्या ताडून बघतो. "एकानं लबाडी करायची म्हटली तर दुसऱ्याला सामील करावं लागतं. एकट्याला जमतच नाही. आणि चूक झाली तर दुसऱ्याच्या हातात सापडते."

मी म्हटलं, "भावजी, तुमच्या गिरणीत माणसं पाच हजार. माझ्याकडं तीन. चौथा कुठनं आणू, देवाला बसवू?"

"तेच सांगतोय. कामं चार आणि माणसं तीन. कुणाकडं तरी दोन कामं राहणारच, त्याला इलाज नाही. मग जिथं दोन कामं एका हातात, तिथं दुसऱ्याचा डोळा पाहिजे. उधारी द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा आणि चिठ्ठी द्या. माल ज्ञानबानं काढावा. वही आणि किल्ली दिवाणजींकडं राहू द्या, पण दुसरी किल्ली करून तुमच्याकडं ठेवा. महिन्यातनं दोनदा, वार न ठरवता, न सांगता कोठीत जा आणि मोजा. विणकरांच्या घरी त्यांची त्यांची वही असते, वर्षातनं दोनदा ती आपल्या वहीशी लावून बघा. आणि दिवाणजींना वर्षाकाठी पंधरा दिवस सुट्टी द्या, तेवढे दिवस मी बसतो. रोजचा हात बदलला की खालचं वर येतं."

मला त्यातलं एकच ऐकू आलं. तेवढे दिवस मी बसतो. आता कळलं म्हटलं. बाईमाणसाला गादीवरून उठवायचा हा सोज्वळ मार्ग. मी फटकन म्हटलं, "आमच्या दिवाणजींनी अकरा वर्षांत एक दिवस रजा घेतली नाही. एवढा इमानी माणूस, त्याच्यामागं पहारा लावू?"

तेव्हा दिवाणजी बोलले. मला वाटलं ते दुखावलेले असतील. ते पुढं सरकून, हात जोडून म्हणाले, "अक्का, भाऊसाहेब म्हणतात तसं करा. माझी विनंती हाय. किल्ली ज्याच्याकडं, संशय त्याच्याकडं. मला एकट्याला तो वागवायला लावू नका."

मी हसले. खरंच हसले. "तुमच्यावर संशय? उगाच काहीतरी." आणि पानाचं तबक पुढं केलं.

शेवटी दिरांच्या समाधानासाठी एवढं कबूल केलं की दुसरी किल्ली करून घ्यायची. केली. पितळेची, लहानशी. ती मी देवघरात पूजेच्या पेटीमागं ठेवली. चिठ्ठ्यांचं पुस्तक आणलं, ते आठ दिवस चाललं. मग मला कंटाळा आला आणि दिवाणजी पुन्हा सगळं स्वतः बघायला लागले. मोजायला मी कोठीत एकदाही गेले नाही. हे नीट ऐका. मोजायला एकदाही नाही.

गेले ते दुसऱ्याच कामाला.

शांतम्मा म्हणून एक बाई आमच्या मागच्या गल्लीत राहायची. नवऱ्याला छातीचा आजार, माग ती आणि तिची सासू चालवायच्या. तिची जुनी बाकी राहिली म्हणून दिवाणजींनी तिचं खातं बंद केलं होतं. बरोबरच केलं होतं, दुकान म्हणजे काही मठातलं फुकट जेवणाचं दासोह नव्हे. पण ती एका दुपारी परसाच्या दारात येऊन उभी राहिली. दुपारी दिवाणजी आणि ज्ञानबा जेवायला घरी जात, दुकान तासभर बंद असे. ती रडली नाही, काही मागितलंही नाही. नुसती म्हणाली, "अक्का, माग रिकामा हाय. नुसता बघवत न्हाय." मी देवघरातली किल्ली आणली, कोठी उघडली आणि एक बंडल तिच्या पदरात घातलं. "दिवाणजींना बोलू नको. मी सांगेन."

सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कुणाच्या खात्यावर लिहू? आणि मग दिरांना दिसलं असतं. शिवाय मनात एक मस्ती होती, ती लपवत नाही. माझं दुकान, माझी कोठी, मला कुणाची चिठ्ठी लागते? महिना गेला, ती पुन्हा आली. मी पुन्हा दिलं. मग तिच्या शेजारणीसाठी एक, तिच्याच हाती. असं वर्षभर. बाई दुवा द्यायची आणि मला लई बरं वाटायचं. अर्धं सूत दिरांचं होतं, ते माझ्या ध्यानातही आलं नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय जातं.

पुढच्या दिवाळीला, लक्ष्मीपूजनाच्या पाच दिवस आधी, दीर मोजणीला आले. ज्ञानबा बंडलं खाली उतरवून देत होता, दीर मोजत होते, दिवाणजी वही घेऊन उभे होते. वहीप्रमाणं दोनशे बारा पाहिजेत. भरली एकशे त्र्याण्णव. पुन्हा मोजली. एकशे त्र्याण्णवच.

"एकोणीस कमी," दीर म्हणाले.

 मी लगेच मनाशी हिशोब केला. मी शांतम्माला किती दिली असतील? सहा. फार तर सात. मग उरलेली बारा-तेरा कुणी नेली? हा विचार आला आणि काय सांगू, मला हायसं वाटलं. माझ्या सातांवर पांघरूण घालायला दुसऱ्याची बारा मिळाली. आता मी सात कबूल केली तर एकोणीसही माझ्याच माथ्यावर येतील, असं मी स्वतःला पटवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

दीर म्हणाले, "किल्ल्या दोन. वैनी, तुमची?"

"माझी देवघरात आहे. मी तिला हातसुद्धा लावला नाही."

हे वाक्य मी बोलले. इष्टलिंग गळ्यात असताना बोलले.

मग मी दिवाणजींकडं वळले. एवढ्यात दिवाळीचं सूत न्यायला आलेले विणकर पायरीवर जमले होते, तेही मला दिसत होतं. तरी मी आवाज चढवला. "किल्ली तुमच्याकडं, वही तुमच्याकडं. सूत काय उंदरांनी नेलं? बारा वर्षं रजा का घेतली नाही ते आज कळलं." ज्या गोष्टीचं मी पेठभर कौतुक सांगत हिंडले, तीच मी त्यांच्या तोंडावर मारली.  दिवाणजींनी वही मिटली. ते म्हणाले, "अक्का, मी लिंगावर हात ठेवून सांगतो."

"शपथ नको. माल दाखवा."

"मग घर बघा," ते म्हणाले. "आत्ताच चला. मला मधे जाऊन काही लपवायला वेळ नको."

दीर म्हणाले, घर बघायची गरज नाही, असं काही सिद्ध होत नसतं. मी म्हटलं, चला. मी गेले, ज्ञानबाला बरोबर घेऊन. दोन खोल्यांचं घर. त्यांची बायको सावित्रम्मा भाकरी थापत होती. दिवाणजींनी तिला कानडीत दोन शब्द सांगितले. तिनं हात धुतले, पेटी उघडली, अंथरुणं झटकून दाखवली, ज्वारीची कणगी पालथी करून दाखवली.  ज्वारी जमिनीवर पसरली ती तशीच राहिली. खुंटीवर सुताची एक लड अडकवलेली होती. मी ती काढून हातात धरली आणि म्हटलं, "ही कुठली?"

सावित्रम्मा म्हणाली, "तुमीच दिली की. मागल्या साली, वाकळ शिवायला."

दिली होती. ती म्हणाल्यावर आठवलं. मी लड पुन्हा खुंटीला अडकवली, तर ती अडकेना, दोनदा खाली पडली. ज्ञानबा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला होता. परत येताना तो माझ्या मागं दहा पावलं राहिला.

दिवाणजींनी दुकानात येऊन किल्ली गादीवर ठेवली, वही तिच्या शेजारी ठेवली, जोडा घातला आणि गेले.

संध्याकाळी मी दिरांना म्हटलं, "पोलिसात द्यायचं का?"

"कशाच्या आधारावर?" दीर मोठ्यानं कधी बोलत नसत, त्या दिवशी बोलले. "त्यानं नेलं असं मी म्हणू शकत नाही. नेलं नाही असंही म्हणू शकत नाही. माल काढणारा तोच, लिहिणारा तोच, मोजणारा तोच. तो चोर असला तरी कळायला वाट नाही आणि साव असला तरी नाही. ही वाट तुम्ही बंद केलीत, वैनी. तो बिचारा हात जोडून सांगत होता, मला एकट्याला वागवायला लावू नका."

 पुढं ते म्हणाले की अजून एक जागा उरली आहे जिथं दिवाणजींचा हात पोचत नाही. विणकरांच्या घरच्या वह्या. त्या त्यांनी स्वतःसाठी लिहिलेल्या, त्यात आपल्या दिवाणजींना खोडाखोड करता येत नाही. कुणाच्या घरी आपल्या वहीपेक्षा जास्त बंडलं उतरली असतील तर कळेल.

दोन दिवस आम्ही घरं हिंडलो. साखर पेठ, मागची गल्ली, पार तळ्यापर्यंत. कुणाकडं नीट वही, कुणाकडं पंचांगाच्या पाठीवर रेघा, एकाकडं दोरीच्या गाठी. एकूण एकतीस घरं. प्रत्येक घरचा आकडा दिवाणजींच्या वहीशी जुळला. एक बंडल इकडचं तिकडं नाही. मला वाटलं दीर आता म्हणतील, माणूस खरा आहे. पण ते खिन्न होऊन म्हणाले, "म्हणजे गेलं ते खात्याबाहेरच गेलं. हे त्याच्यासाठी आणखी वाईट." शांतम्माचं घर यादीत नव्हतं, तिचं खातं बंद होतं ना. तिच्या दारावरून आम्ही दोघं पुढं गेलो. मी नजर खाली घातली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच तिच्याकडं गेले. मला माझी सात मोजून घ्यायची होती. सात आहेत म्हणजे बारा त्याची, एवढं एकदा डोळ्यांनी बघितलं की जिवाला स्वस्थता मिळेल असं वाटत होतं.

शांतम्मा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. मी विचारलं, "तुला मी किती बंडलं दिली गं? सात ना?"

ती म्हणाली, "मला लिवाय येत न्हाय. भितीवर हायत की." मागाच्या पाठीमागं, धुरानं काळ्या पडलेल्या भिंतीवर चुन्याच्या रेघा होत्या. पाच पाचांचे जुडगे, आणि शेवटी चार. मी बोट लावून मोजलं. पाच, दहा, पंधरा. एकोणीस.

"सगळी फेडायची हायत," ती म्हणाली. "म्हणून मांडून ठेवते. तुमी इसराल, पर मी इसरून कसं चालंल?"

मी खाली बसले. बारा कुणीच नेली नव्हती. बारा नव्हतीच. कोठीतून माझ्याशिवाय कुणी धागासुद्धा काढलेला नव्हता. दिवाणजींच्या मागं डोळा पाहिजे म्हणून जी किल्ली दिली होती, तीच तेवढी चोरवाट होती. मोजायला दिलेली किल्ली मी वाटायला वापरली आणि मग ज्याच्यावर पहारा ठेवायचा त्यालाच चोर म्हटलं. कुंपणानं शेत खाल्लं आणि राखणदाराला हाकललं.

पेठेतली बातमी शांतम्माच्या कानावर आलेली होती. ती माझ्याकडं बघत राहिली, मग तिला काय ते उमगलं. ती खड्ड्यातून वर आली, कोपऱ्यातलं ओलं फडकं उचललं आणि म्हणाली, "पुसू का, अक्का?"

मी नको म्हणायला पाहिजे होतं.  उठून घरी आले.

दोन दिवस मी गप्प राहिले. त्या दोन दिवसांचं मला काही चांगलं सांगता येत नाही. मी मनाशी म्हणत होते, हे बाहेर पडलं तर दीर गादी काढून घेतील, आणि पेठ म्हणेल, बघा, बाईच्या हातात दुकान दिल्यावर काय होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दिवाणजी हुशार आहेत, त्यांना कुठंही काम मिळेल. दिवाळीनंतर गुपचूप त्यांच्या घरी धान्य पाठवून देऊ. एकोणीस बंडलं म्हणजे त्यांचा पाच महिन्यांचा पगार, तेवढं हळूहळू पोचवू. असलं सगळं. पूजेला बसत होते, लिंग तळहातावर घेत होते आणि डोळे मिटत नव्हते.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ज्ञानबा पायरी झाडत होता. त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. झाडता झाडता, वर न बघता म्हणाला, "दिवाणजी टेसनावर दिसलं."

"कशाला?"

"मालधक्क्यावर. गाडीवानांच्या चिठ्ठ्या लिवून देत्यात, आण्याला चार. तीन दुकानं फिरलं म्हणं. कुणी गादीजवळ बसू देत न्हाय. म्हणत्यात, शिवबाईनं काढलाय तर कायतरी असंलच की." मग त्यानं केरसुणी टेकवून ठेवली. "अक्का, मी त्यांच्या घरी तुमच्यासंगं आलो व्हतो. ती ज्वारी भुईवर सांडली ना, ती मला आजून दिसती."

मी आत गेले. देवघरातली किल्ली काढली आणि पुन्हा ठेवली. मग पुन्हा काढली.

पाडव्याला आमच्याकडं नव्या वहीची पूजा असते. विणकर येतात, विडा घेतात, वर्षाचं पहिलं बंडल नेतात. त्या दिवशीही आले, आदल्या आठवड्यातले तेच चेहरे पायरीवर होते. दीर गादीच्या कडेला बसले होते. ज्ञानबाला पाठवून मी शांतम्माला बोलावून घेतलं होतं, ती खांबाआड उभी होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, "एकोणीस बंडलं मी नेली. माझ्या किल्लीनं, दुपारी, कुणाला न सांगता. दिवाणजींनी एक धागा नेला नाही. किल्लीला हात लावला नाही म्हणाले ते खोटं बोलले. आणि हे मला तीन दिवस माहीत आहे."

 एका म्हाताऱ्या विणकरानं हातातला विडा तबकात परत ठेवला. त्यानं मुद्दाम ठेवला की नुसता ठेवला, मला माहीत नाही.

शांतम्मा खांबाआडून म्हणाली, "भितीवर हायत रेघा. म्या पुसल्या न्हाईत."

मला वाटलं दीर आता उठतील, काय बोलायचं ते बोलतील. त्यांनी चिठ्ठ्यांचं पुस्तक शोधून काढलं, आठ दिवस चाललेलं. धूळ झटकली आणि माझ्यापुढं ठेवलं. "लिहा, वैनी. एकोणीस बंडलं, कुणाला, कुणाच्या हुकुमानं. शांतम्माचं खातं नव्यानं उघडतो. यातली अर्धी माझी होती, ती मी तिच्याकडं हळूहळू घेईन. तुमच्याकडं नाही मागत." मी लिहिलं. माझं अक्षर आधीच वेडंवाकडं, त्या दिवशी ते मलाच वाचता येईना. सगळे वाट बघत उभे होते आणि मी एकेक अक्षर जोडत होते.

त्या चिठ्ठीसकट मी दिवाणजींच्या घरी गेले. ज्या वाटेनं झडतीला गेले त्याच वाटेनं, दिवसाढवळ्या, दीर आणि ज्ञानबा बरोबर. दिवाणजी ओट्यावर बसले होते. मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती नीट वाचली, तारीख बघितली. मी म्हटलं, "माझं चुकलं, दिवाणजी. पायरीवर बोलले होते, पायरीवरच कबूल करून आले. परत चला." आणि पदरातून त्यांची किल्ली काढून पुढं केली.

"येईन," ते म्हणाले. "न येऊन जाणार कुठं, अक्का? दुसरीकडं कुणी घेत नाही." त्यांनी किल्लीकडं बघितलंही नाही. "पण किल्ली नको. किल्ली ज्ञानबाकडं द्या. मी वही लिहीन. चिठ्ठी तुमची असल्याशिवाय लिहिणार नाही, आणि तुम्हाला स्वतःला माल लागला तरी चिठ्ठी. मोजायला तुम्ही या, मी दाराबाहेर उभा राहीन. आणि मला पंधरा दिवस रजा पाहिजे. दर वर्षी."

"देते. सगळं देते."

"मी एवढंच मागितलं होतं," ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

आम्ही निघालो तेव्हा सावित्रम्मा आतून आली. तिच्या हातात ती सुताची लड होती, नीट पिळून बांधलेली. तिनं ती माझ्या हातात ठेवली.

"ही पण घेऊन जावा," ती म्हणाली. "मोजून घ्या."

मी म्हटलं, "ती मी तुला दिलेली आहे गं."

"चिठ्ठी न्हाय त्याची," ती म्हणाली आणि आत गेली.

त्याला आता चार वर्षं झाली. चिठ्ठी माझी, किल्ली ज्ञानबाची, वही दिवाणजींची. दुसरी किल्ली दिरांनी नेली. महिन्यातून दोनदा, वार न ठरवता, मी ज्ञानबाला कोठी उघडायला लावते आणि मोजते. दिवाणजी सांगितल्याप्रमाणं दाराबाहेर पाठ करून उभे असतात. माझ्याशी ते अजून अक्का म्हणूनच बोलतात, कामाचं सगळं बोलतात, पण पान दिलं तर घेत नाहीत. शांतम्मानं एकोणीसपैकी सतरा फेडली. कोठीच्या वरच्या फळीवर ती लड आहे. दिवाणजींनी तिला वहीत वेगळी ओळ दिली आहे, म्हणून दरवेळी तीही मोजावी लागते. मी मोठ्यानं म्हणते, लड एक. आणि बाहेरून दिवाणजी म्हणतात, बरोबर.